दूध संकलन ॲपची सेटिंग्ज : दोन मसुद्यांपैकी कोणता घ्यावा?

गावच्या दूध संस्थेच्या संकलन केंद्रासाठी ॲप बनवून घेताना सेटिंग्जच्या पडद्याचे दोन मसुदे समोर आले आणि संस्थेच्या सचिवांनी ते तपासण्यासाठी माझ्याकडे दिले. निर्णय त्यांना एका बैठकीत घ्यायचा असल्याने माझे मत आधीच सांगतो. मांडणी दुसऱ्या मसुद्याची घ्यावी, टॉगल पहिल्या मसुद्यातले घ्यावेत, आणि धोक्याच्या क्रियांचा भाग दोन्हींतून काढून नव्याने लिहून घ्यावा. असे का म्हणतो, ते समजण्यासाठी हा पडदा कोण वापरणार आहे हे आधी पाहिले पाहिजे. पहाटे रांग लागलेली असताना, वजनकाटा आणि फॅट मशीन शेजारी असताना, अनेकदा ओल्या हातांनी केंद्राचा चालक हा फोन हाताळतो, आणि तो सेटिंग्जमध्ये शिरतो ते काहीतरी अडले म्हणूनच.

पहिल्या मसुद्यात सगळी सेटिंग्ज एकाच लांब यादीत आहेत आणि तिचे चार गट केले आहेत : ‘डेटा’, ‘उपकरणे’, ‘सूचना’ आणि ‘प्रगत’. ही विभागणी ॲप लिहिणाऱ्याच्या डोक्यातली आहे. त्याच्या दृष्टीने दरपत्रक हा डेटा आहे, पावतीचा प्रिंटर हे उपकरण आहे आणि दूध उत्पादकाला जाणारा एसएमएस ही सूचना आहे. चालकाच्या दृष्टीने मात्र पावती छापणे आणि पावतीचा एसएमएस जाणे हे एकच काम आहे, कारण प्रिंटरचा कागद संपला की तो लगेच एसएमएस चालू आहे ना हे पाहतो. या मसुद्यात त्यासाठी त्याला दोन गट ओलांडावे लागतात. ‘प्रगत’ या नावाखाली तर जे कुठेच बसले नाही ते सगळे भरले आहे. सेटिंग्जच्या पडद्यावर असा गट दिसला, की विभागणी अर्ध्यावर सोडली गेली असे समजावे.

दुसऱ्या मसुद्याचे गट कामावरून पाडले आहेत : ‘रोजचे संकलन’, ‘पावती’, ‘दर आणि बिल’, ‘नोंदींची राखण’. पहिल्या पडद्यावर एवढ्या चारच ओळी दिसतात आणि प्रत्येकीखाली आत काय आहे ते बारीक अक्षरांत लिहिले आहे, जसे ‘पावती’खाली ‘प्रिंटर, एसएमएस, भाषा’. एक टप्पा वाढतो हे खरे, पण रोज लागणाऱ्या गोष्टी तशाही सेटिंग्जमध्ये असू नयेत. गट बरोबर आहेत की नाहीत हे ओळखण्याची रीत सोपी आहे. चालकाला फोन न दाखवता विचारावे, की एसएमएस गेला नाही तर तुम्ही यांपैकी कोणत्या नावाखाली शोधाल? तो अडखळला तर गट किंवा गटाचे नाव चुकले आहे. दुसऱ्या मसुद्यात एकच गोष्ट अशी अडली, ती म्हणजे उत्पादकांची यादी. ती ‘नोंदींची राखण’मध्ये ठेवली आहे आणि ती ‘रोजचे संकलन’मध्ये हवी.

नावांच्या बाबतीत दोन्ही मसुद्यांत उणिवा आहेत, पण वेगवेगळ्या प्रकारच्या. पहिल्यातील मराठी भाषांतरातून आलेले आहे. ‘स्वयं-समक्रमण सक्षम करा’ ही ओळ वाचून केंद्रावरच्या माणसाला काहीही बोध होत नाही. त्याऐवजी ‘नोंदी आपोआप संस्थेकडे पाठवा’ असे लिहिले तर समजावून सांगण्याची गरज उरत नाही. शिवाय ‘सक्षम’ आणि ‘अक्षम’ या जोडीत पहिल्या अक्षराचाच फरक आहे, आणि उन्हात धरलेल्या फोनवर बारीक अक्षरांत तो फरक दिसत नाही. मराठी सेटिंग्जमधून ही जोडी पूर्णपणे हद्दपार करावी असे माझे मत आहे. चालू आणि बंद हे शब्द सर्वांना येतात.

दुसऱ्या मसुद्यातील नावे बोलीला जवळची आहेत, पण एका ठिकाणी तिथेही मोठी गफलत झाली आहे. काढलेले बिल मागे घेण्यासाठी जी चौकट उघडते, तीत प्रश्न आहे ‘बिल रद्द करायचे आहे का?’ आणि खाली दोन बटणे आहेत : ‘रद्द करा’ आणि ‘ठीक आहे’. यात ‘रद्द करा’ म्हणजे बिल रद्द करा की ही कृती रद्द करा? लिहिणाऱ्याच्या मनात दुसरा अर्थ होता, कारण चौकट बंद करण्याच्या बटणाला तो सगळीकडे तेच नाव देतो. वाचणाऱ्याला पहिला अर्थ लागतो. मी दोन अनुभवी चालकांना ही चौकट दाखवली, तेव्हा बिल रद्द करण्यासाठी दोघांनीही ‘रद्द करा’ दाबले, काही झाले नाही म्हणून पुन्हा तेच केले, आणि ॲप अडकले आहे असा निष्कर्ष काढला. यावर उपाय म्हणजे बटणावर होणारी क्रिया पूर्ण लिहावी : ‘बिल मागे घ्या’ आणि ‘बिल तसेच ठेवा’. वरचा प्रश्न झाकला तरी बटणे वाचून अर्थ लागला पाहिजे, ही कसोटी प्रत्येक चौकटीला लावावी.

आता टॉगल, म्हणजे सरकते बटण. येथे पहिला मसुदा सरस ठरतो. त्यात नाव कायम तेच राहते, उदाहरणार्थ ‘उत्पादकाला पावतीचा एसएमएस’, आणि टॉगलशेजारी ‘चालू’ किंवा ‘बंद’ असे शब्दात लिहिलेले असते. दुसऱ्या मसुद्यात नावच बदलते. एसएमएस चालू असेल तर ओळीवर ‘एसएमएस बंद करा’ असे येते आणि टॉगल उजवीकडे सरकलेला हिरवा दिसतो. हिरवा रंग सांगतो की काहीतरी चालू आहे, नाव सांगते बंद, आणि आत्ताची स्थिती कोणती व दाबल्यावर होणारी कोणती हे वाचणाऱ्याने ठरवायचे. नावात क्रियापद असेल तर ते बटण असावे, आणि टॉगल असेल तर नावात स्थिती असावी. दोन्ही एकत्र आणले की घोटाळा ठरलेला आहे.

पहिल्या मसुद्यातील एक टॉगल मात्र बदलावाच लागेल. फॅट मशीनमधून आकडा आपोआप येतो, पण मशीन बिघडल्यास तो हाताने भरण्याची सोय आहे, आणि उत्पादकांचा संशय सर्वात जास्त याच सोयीवर असतो. त्या टॉगलचे नाव आहे ‘हाताने फॅट भरण्यास मनाई’. म्हणजे टॉगल चालू असेल तेव्हा सोय बंद असते. तपासणीला आलेल्या माणसाने ‘चालू’ शब्द वाचून हाताने भरणे चालू आहे असा समज करून घेतला, तर त्याला दोष देता येणार नाही. ‘फॅट हाताने भरता येईल’ असे सरळ नाव द्यावे, आणि चालू असताना त्याखाली ‘अशा नोंदींच्या पावतीवर खूण येईल’ ही ओळ दाखवावी. व्हॉट्सॲपमध्ये वाचल्याच्या खुणांच्या टॉगलखाली, तो बंद केल्यास तुम्हालाही इतरांच्या खुणा दिसणार नाहीत आणि गटांमध्ये त्या जातच राहतील, असे लिहिलेले असते. परिणाम नावात मावत नसेल तर तो असा खाली लिहावा. पहिल्या मसुद्यात टॉगल सरकवल्यावर पडद्याच्या तळाशी ‘जतन करा’ दाबावे लागते, हेही काढून टाकावे. टॉगल सरकला की बदल झाला, असेच लोक समजतात आणि मागे फिरतात.

धोक्याच्या क्रियांकडे येताना दोन्ही मसुद्यांची एकच चूक दिसते. त्यांनी धोका म्हणजे फक्त पुसणे असे धरले आहे. पहिल्यात ‘सर्व नोंदी पुसा’ ही ओळ लाल आहे, पण ती ‘बॅकअप घ्या’ या ओळीला चिकटून आहे, आणि दाबल्यावर ‘तुम्हाला खात्री आहे का?’ एवढेच विचारले जाते. अँड्रॉइडच्या मार्गदर्शनानुसार बोट लागण्याची जागा निदान 48 डीपी, म्हणजे पडद्यावर सुमारे नऊ मिलिमीटर, असावी. येथे ती तेवढी आहेही, पण ओल्या बोटाने शेजारची ओळ लागायला तेवढ्याने आळा बसत नाही. दुसऱ्या मसुद्यात ही क्रिया गटाच्या अगदी शेवटी, वेगळ्या चौकटीत आहे, किती नोंदी जाणार तो आकडा दाखवते आणि केंद्राचा क्रमांक टाइप करायला लावते. विकसक जिथे कोड ठेवतात त्या गिटहबवर रेपॉझिटरी, म्हणजे कोडचा साठा, काढून टाकताना तिचे नाव टाइप करावे लागते, त्याच जातीची ही युक्ती आहे आणि ती योग्य आहे. मात्र याच मसुद्यात ‘लॉगआउट’ आणि ‘प्रिंटर विसरा’ याही ओळी लाल आहेत. प्रिंटर अर्ध्या मिनिटात पुन्हा जोडता येतो. रोज दिसणारा लाल रंग काही दिवसांत दिसेनासा होतो. शिवाय काहींना लाल-हिरवा फरक कळत नाही, म्हणून रंगासोबत चिन्ह आणि शब्दही हवेत.

खरा धोका मात्र दर आणि बिलाच्या सेटिंग्जमध्ये आहे आणि तो दोन्ही मसुद्यांत साध्या काळ्या अक्षरांत, टॉगल म्हणून बसला आहे : ‘नवे दरपत्रक लागू’. समजा सकाळी 62 उत्पादक दूध घालतात आणि 3.5 फॅट, 8.5 एसएनएफच्या गाईच्या दुधाला लिटरमागे एक रुपया वाढला आहे. तेविसावी नोंद झाल्यावर चालकाच्या लक्षात येते आणि तो टॉगल सरकवतो. पहिल्या 23 जणांच्या पावत्या जुन्या दराने निघालेल्या असतात आणि उरलेल्या 39 जणांच्या नव्या दराने निघतात. दहा लिटर घालणाऱ्याचा फरक दहा रुपयांचा, पण शेजाऱ्याची पावती पाहून होणारा वाद दहा रुपयांत मिटत नाही. याहून वाईट म्हणजे ‘बिल पुन्हा काढा’ ही ओळ. ती बिलाच्या संपूर्ण दहा दिवसांचा हिशोब लागू असलेल्या दरपत्रकाने नव्याने मांडते, त्यामुळे दिलेल्या पावत्यांची बेरीज आणि बिल जुळत नाही. काहीही पुसले गेलेले नसते, म्हणून कोणी सावधही झालेले नसते.

ही दोन सेटिंग्ज टॉगल किंवा साधी ओळ म्हणून स्वीकारू नयेत. दरपत्रकासाठी तारीख आणि सत्र निवडण्याचा पडदा करून घ्यावा, ज्यात चालू सत्र निवडताच येणार नाही. बिल पुन्हा काढताना आधी ‘इतक्या उत्पादकांची रक्कम बदलेल’ असे सांगून जुनी व नवी रक्कम शेजारी शेजारी दाखवावी. पुसण्याच्या क्रियेला मात्र टाइप करण्याच्या अटीबरोबर एक मुदतही जोडून घ्यावी : नोंदी लगेच न जाता सात दिवस बाजूला राहाव्यात आणि त्या काळात ‘परत आणा’ हे बटण तिथेच दिसावे. विकसक याला जागेचे कारण सांगतील, पण मजकूर आणि आकड्यांच्या नोंदींना फोनमध्ये फारशी जागा लागत नाही.

ठराव करण्यापूर्वी एक तपासणी बैठकीतच करता येईल. केंद्रावरच्याच फोनमध्ये अक्षरांचा आकार सर्वात मोठा करून दोन्ही मसुदे उघडावेत, कारण चाळिशी विसरलेला चालक तसाच वापरतो. माझ्या फोनवर दुसऱ्या मसुद्यातील टॉगलची एक लांब ओळ तीन ओळींत मोडली, वेलांट्यांची टोके कापली गेली आणि टॉगल पडद्याच्या उजव्या कडेबाहेर गेला. पहिल्यात नाव वर आणि टॉगल त्याखाली उतरतो, म्हणून तिथे काही कापले जात नाही. विकसकाला कळवताना टॉगलची ही मांडणीही नावानिशी लिहून द्यावी.