टाळ्या सरकवायच्या की बोल वाढवायचे?

सांगलीत आमच्या तबल्याच्या क्लासमधल्या दोघांना गॅदरिंगसाठी मिनिमल म्युझिक, म्हणजे एकच छोटा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत थोडाथोडा बदलत नेायचं संगीत, बसवायचंय, पाच मिनिटं मिळणारेत आणि हातात तीन आठवडे. त्यांच्यासमोर दोन अमेरिकन संगीतकारांचे दोन पर्याय आहेत, स्टीव्ह राइकचं १९७२चं 'क्लॅपिंग म्युझिक' किंवा फिलिप ग्लासचं १९६८चं 'वन प्लस वन'.

आधी राइक. बारा मात्रांचा एकच पॅटर्न, त्यात आठ टाळ्या: टा टा टा – टा टा – टा – टा टा –. पहिला माणूस शेवटपर्यंत हेच वाजवतो. दुसरा सुरुवातीला त्याच्याबरोबरच असतो, मग ठरलेली आवर्तनं झाली की एक मात्रा पुढे सरकतो, म्हणजे सुरुवातीला तीनऐवजी दोनच टाळ्या वाजवून पुढचं चालू ठेवतो. असं बारा वेळा सरकलं की दोघं परत एकत्र. मला यातली पहिली सरक फार आवडते, कारण दोघांच्या मिळून बाराही मात्रा भरतात, त्यातल्या चार ठिकाणी दोघांची टाळी एकदम पडते आणि रिकामी जागा एकही उरत नाही. तिथे जरा जरी गॅप ऐकू आली तर समजायचं की कोणीतरी घसरलाय. बहुतेक वेळा दुसराच घसरतो, पहिल्याची सम कानावर पडली की हात आपोआप तिकडे ओढला जातो. म्हणून पहिले चार दिवस दुसऱ्याने एकट्यानेच, पायाने मात्रा धरून, सरकलेला पॅटर्न पाठ करायचा.

'वन प्लस वन' एकट्याचं आहे, टेबलावर मायक्रोफोन लावून बोटांनी ठोकायचं. त्यात दोनच तुकडे, आपल्या बोलांत सांगायचं तर 'तकधा' (तक निम्म्या-निम्म्या मात्रेचा) आणि नुसता 'धा'. त्यांची जोडणी वाढवत-घटवत न्यायची: तकधा धा, तकधा धा धा, तकधा धा धा धा, म्हणजे ३, ४, ५ मात्रा. ग्लासला ही वाट पॅरिसमध्ये रविशंकर आणि अल्लारखाँबरोबर काम करताना सापडली, त्यामुळे बोल आपल्या ओळखीचे वाटतात, पण खरी अडचणही तिथेच आहे, आपला हात सोळा मात्रांवर बसलेला आणि इथे आवर्तन दर वेळी वेगळ्या लांबीचं, ठरलेली सम नाही. लेहरा तर लावताच येत नाही. आणि चुकलं तर कळवायला शेजारी कोणी नाही, मोबाईलवर रेकॉर्ड करून कागदावरच्या आकड्यांशी ताडून बघावं लागतं.

राइकचंच 'पियानो फेज' मात्र हार्मोनियमवर करायच्या मागे लागू नका, तिथे उडी न मारता हळूहळू वेग वाढवत पुढे जावं लागतं, ते तीन आठवड्यांत होत नाही.

दोघं आहात तर टाळ्याच घ्या. प्रत्येक जागी मूळ १२ ऐवजी ८ आवर्तनं केलीत तरी चालेल, चांगल्या लयीत चार मिनिटांच्या आत संपतं. ऐनवेळी एकजण आला नाही तर टेबल आहेच, पण त्यासाठी आकड्यांचा कागद आजच लिहून ठेवा.