स्ट्रीमिंगचं गाणं डेकवर का चढत नाही? गोव्यातल्या हौशी डीजेसाठी पर्यायांची तुलना

फोंड्याला माझ्या भाच्यानं गेल्या वर्षी दोन डेकांचा छोटा कंट्रोलर घेतला. मावशीची पन्नाशी घराच्या गच्चीवर साजरी करायची होती आणि गाणी लावायचं काम त्यानं अंगावर घेतलं. आदल्या रात्री त्याचा फोन आला. "मामा, गाणी मी डाउनलोड करून ठेवलीत. फोनवर नेट बंद करूनही वाजतात. पण हे सॉफ्टवेअर त्यांना ओळखतच नाही. फाइल दिसते, डेकवर ओढली की लाल खूण येते."

लॅपटॉप उघडून पाहिला तर त्याच्याकडे एकाच संग्रहात दोन प्रकारची गाणी होती. म्युझिक ॲपमध्ये `Kind` नावाचा रकाना असतो. काही गाण्यांपुढे `Purchased AAC audio file` असं लिहिलेलं होतं. ती त्याच्या बाबांनी कधीतरी आयट्यून्स स्टोअरवरून विकत घेतलेली. बाकीच्यांपुढे `Apple Music AAC audio file`. पहिल्या फाइलच्या नावाला `.m4a` शेपूट, दुसरीला `.m4p`. त्या एका अक्षरात सगळी भानगड आहे. पहिलीतलं गाणं उघडं आहे, दुसरीतलं कुलूपबंद.

डाउनलोड म्हणजे फाइल आपली झाली असं आपण धरून चालतो. स्ट्रीमिंगमध्ये तसं नसतं. गाणं तुमच्या डिस्कवर येतं, पण कूटबद्ध होऊन. त्याची किल्ली फक्त त्या कंपनीच्या ॲपकडे असते आणि वर्गणी चालू आहे तोवरच ती लागते. स्पॉटिफायच्या साठवणीच्या फोल्डरमध्ये डोकावलं तर गाण्याचं नावसुद्धा दिसत नाही, नुसती अक्षर-आकड्यांची रास. ॲप स्वतः कुलूप उघडतं, आतल्या आत गाणं उलगडतं आणि थेट स्पीकरकडे पाठवतं. मधल्या टप्प्यावर दुसऱ्या कुणाला हात घालता येऊ नये, हाच त्या रचनेचा हेतू.

आणि डीजे सॉफ्टवेअरला नेमका तोच मधला टप्पा हवा असतो. आपल्याला वाटतं ते गाणं वाजवतं. खरं तर ते गाणं आधी मोजतं. सीडीच्या दर्जाच्या आवाजात सेकंदाला 44,100 नमुने असतात, म्हणजे पाच मिनिटांच्या गाण्यात एका बाजूचे एक कोटी बत्तीस लाखांच्या वर. हे सगळे नमुने हाताशी असल्याशिवाय पडद्यावरची लहरींची पट्टी काढता येत नाही, ठोके मोजता येत नाहीत, गाण्यात खुणा ठेवून तिथे उडी मारता येत नाही. समजा एक गाणं मिनिटाला 118 ठोक्यांचं आहे आणि दुसरं 124चं. पहिलं पाच टक्क्यांनी पळवायचं, पण गायिकेचा आवाज चिरका होऊ द्यायचा नाही. त्यासाठी सॉफ्टवेअर नमुन्यांचे बारीक तुकडे करून पुन्हा जुळवतं. स्पीकरकडे निघून गेलेल्या आवाजावर हे करता येत नाही.

तांत्रिक अडचण एवढीच असती तर ती कधीच सुटली असती. खरी गाठ कागदावर आहे. रेकॉर्ड कंपन्या स्ट्रीमिंग सेवेला जो परवाना देतात तो ग्राहकानं गाणं खासगीत ऐकण्यापुरता असतो. दोन गाणी एकमेकांवर चढवणं, वेग बदलणं, त्याचं रेकॉर्डिंग करणं या वेगळ्या परवानग्या. याच कारणानं स्पॉटिफायच्या विकासकांसाठीच्या नियमांत दुसऱ्या आवाजात त्यांचं गाणं मिसळायला सरसकट मनाई आहे. 'डीजे', म्हणजे djay, या मिक्सिंगच्या ॲपला 2014 पासून त्यांची जोडणी होती, ती 1 जुलै 2020 ला बंद झाली, आणि ज्यांनी सगळा संग्रह तिथेच रचला होता त्यांचे डेक एका रात्रीत रिकामे झाले.

Mixxx असं लिहितात ते मिक्स नावाचं फुकट, खुल्या स्रोताचं डीजे सॉफ्टवेअर पुष्कळ नवशिके वापरतात. त्यात स्ट्रीमिंग नाहीच. ज्याचा कोड कुणीही वाचू आणि बदलू शकतो, त्यात किल्ली लपवणार कुठे? मिक्स वापरायचं ठरवलं असेल तर पुढची अर्धी तुलना तुमच्यासाठी संपलीच: उघड्या फाइलींशिवाय मार्ग नाही.

भाच्यानं मधल्या काळात स्ट्रीमचं एमपीथ्री करून देणारं एक प्रोग्रामही पैसे मोजून घेतलं होतं. अर्ध्या गाण्यांच्या शेवटी आवाज तुटत होता, वरचे सूर बोथट झाले होते. शिवाय आपल्या कॉपीराइट कायद्यात 2012 साली 65अ हे कलम आलं. हक्कभंगाच्या हेतूनं असं तांत्रिक कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. गच्चीवरच्या पार्टीसाठी एवढं ओढवून घेण्यात अर्थ नाही.

तर मग परवानगीचे रस्ते कोणते? हौशी माणसासाठी खरी निवड दोन गोष्टींमधली आहे: डीजे सॉफ्टवेअरला अधिकृत जोडलेली स्ट्रीमिंग सेवा, की विकत घेतलेली फाइल.

जोडलेल्या सेवांमध्ये सध्या ॲपल म्युझिक मला सर्वांत सोयीचं वाटतं. 2024 साली ते 'डीजे' ॲपमध्ये आलं आणि मार्च 2025 मध्ये सेराटो, रेकॉर्डबॉक्स आणि इंजिन डीजे या डीजे सॉफ्टवेअरांसाठीही जाहीर झालं. आपली नेहमीची वर्गणी असली की सॉफ्टवेअरच्या आतून खात्यात शिरायचं, मग तिथलीच प्लेलिस्ट डाव्या बाजूला दिसते. इथे गाणं `.m4p` फाइलमधून उघडत नाही. सॉफ्टवेअर कंपनीच्या करारानं ते वेगळ्या दारातून येतं. म्हणून फोनवर डाउनलोड करून ठेवल्याचा इथे काही उपयोग नाही, हे भाच्याला समजावताना मला जरा वेळ लागला. हिंदी आणि मराठी चित्रपटगीतं भरपूर आहेत, ही त्यातली मोठी जमेची बाजू.

स्पॉटिफायही सप्टेंबर 2025 मध्ये रेकॉर्डबॉक्स, सेराटो आणि 'डीजे'मध्ये परतलं. पण भारतात त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांनी वर्गणीच्या श्रेणी पाडल्या, आणि डीजे सॉफ्टवेअरची जोडणी सगळ्यात वरच्या प्लॅटिनम श्रेणीत ठेवली. घरात आधीपासून ती श्रेणी असेल तर वापरा. केवळ डीजेपणासाठी वर चढायचं असेल तर आधी सगळ्या प्लेलिस्टचा हिशेब करा. परदेशी व्हिडिओंमध्ये ज्याची वारेमाप शिफारस असते ते टायडल भारतात अधिकृतपणे मिळत नाही, तेव्हा तो मोह सोडून द्यावा.

बीटपोर्टची गोष्ट निराळी. ती सेवाच डीजेंसाठी आहे. हणजूण-वागातोरच्या धाटणीचा सायट्रान्स, टेक्नो, हाउस वाजवायचा असेल तर तिथे खजिना आहे, आणि वरच्या श्रेणींमध्ये ठरावीक गाणी ऑफलाइन ठेवायची सोय आहे. पण मावशीच्या पन्नाशीला तिथे काही मिळणार नाही.

या सगळ्या जोडण्यांना काही अटी सारख्याच चिकटतात. स्ट्रीममधली गाणी वापरली की आपण जुळवलेल्या गाण्यांचं रेकॉर्डिंग बंद होतं. आवाज आणि वाद्यं वेगळी करण्याचं बटण काही सेवांत काम करत नाही. एखादं गाणं सेवेतून काढलं गेलं, तर त्यावर मेहनतीनं ठेवलेल्या खुणाही गेल्या. आणि नेट लागतं. इथे लोक भलत्याच गोष्टीला घाबरतात. डेटा फारसा जात नाही: 256 केबीपीएसच्या गाण्याला मिनिटाला साधारण दोन एमबी, म्हणजे तीन तासांना साडेतीनशे एमबीच्या आसपास. भीती आहे ती खंडाची. पावसात आमच्याकडे लाइट गेली की राउटर जातो आणि मोबाइलचे दांडे एकदम खाली येतात. डेकवर पूर्ण चढलेलं गाणं वाजत राहतं, पण पुढचं चढत नाही. शेवटच्या चार मिनिटांत गाणं शोधणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

विकत घेतलेल्या फाइलीला यातलं काहीच लागत नाही. आयट्यून्स स्टोअरवरची गाणी 2009 पासून कुलूपाशिवाय, 256 केबीपीएसमध्ये येतात. बँडकँप या गाणी विकणाऱ्या संकेतस्थळावर तर पूर्ण दर्जाची फ्लॅक किंवा वेव्ह फाइलही मिळते, आणि पैशातला मोठा वाटा कलाकाराकडे जातो. दोन्ही मिक्ससकट कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये चढतात. रेकॉर्डिंग, आवाज वेगळा करणं, सगळं चालतं. तोटा खर्चाचा: दोनशे गाणी एकेक करून घेतली की वर्षाच्या वर्गणीपेक्षा जास्त होतात.

कोकणी गाण्यांसाठी मात्र दोन्ही बाजूंनी हात तोकडे पडतात. तियात्रातली कितीतरी कांतारां ना दुकानात सापडतात, ना स्ट्रीमवर. आहेत ती यूट्यूबवर, आणि तिथून डेकवर यायचा परवानगीचा रस्ता नाही. घरात जुन्या ऑडिओ सीडी असतील तर त्या टाकू नका. सीडीला कुलूप नसतं, खासगी वापरासाठी ती वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये उतरवता येते. एक सांगून ठेवतो: जुनी गाणी जिवंत ढोलावर वाजलेली असतात, त्यांचा वेग मधेच सरकतो. सॉफ्टवेअरनं आखलेली ठोक्यांची जाळी तिसऱ्या कडव्यापर्यंत हुकलेली दिसते. तिथे ठोके आपोआप जुळवणारं सिंकचं बटण दाबू नका. गाणं संपत आलं की कानानं जुळवून पुढचं सोडा. नवा कलाकार असेल तर त्याला सरळ निरोप पाठवा. गोव्यात तो कुणाच्या तरी ओळखीचा निघतोच, आणि फाइल पाठवायला पुष्कळदा आनंदानं तयार होतो.

फाइल विकत घेतली म्हणजे ती कुठेही वाजवायचा हक्क मिळाला, असं मात्र नाही. वर्गणी आणि खरेदी दोन्ही खासगी वापरासाठी. कळंगुटच्या बारमध्ये वाजवायचं तर जागेच्या मालकाकडे वेगळा सार्वजनिक परवाना हवा. लग्नाला कायद्यात सवलत आहे, पण तिचा आवाका वादातला आहे. हॉटेलांतल्या लग्नसमारंभांना परवाना मागू नये असं गोवा सरकारचं 30 जानेवारी 2024 चं परिपत्रक होतं, ते उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रद्द केलं. तेव्हा कुणी हॉलवर बोलावलं तर "परवाना कोण काढणार?" हे आधीच विचारून घ्या.

भाच्याचं शेवटी असं ठरलं. साठ गाण्यांच्या यादीतली बेचाळीस ॲपल म्युझिकच्या जोडणीत मिळाली. अकरा सीडीवरून उतरवली. पाचचा नाद सोडला. नाचायच्या वेळची दोन नेटवर सोडायची नव्हती, ती विकत घेतली. बेचाळीसपैकी तशीच आणखी दहा आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी घेतली आणि ती सगळी पेनड्राइव्हवरही टाकली. रात्री सव्वानऊला लाइट गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू होता, पण स्पीकरला इन्व्हर्टर जोडायचं कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.