आठ महिने एकाच रिमोटवर: टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि साउंडबार

आमच्या टीव्हीसमोर तीन रिमोट पडलेले असत आणि त्यांतला नेमका हवा तोच कधी हाताशी नसे. म्हणून आठ महिन्यांपूर्वी मी एक युनिव्हर्सल रिमोट घेतला. तो फोनमधील अ‍ॅपवरून मांडता येतो, जुन्या रिमोटचे संकेत शिकू शकतो आणि एका बटणावर अनेक आज्ञांची साखळी, म्हणजे मॅक्रो, बसवू देतो. अ‍ॅपमधील यादीतून टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्सचे मॉडेल निवडून, साउंडबारचे संकेत शिकवून आवाज, चॅनेल आणि बाणांची बटणे चालू होण्यास पाऊण तासही लागला नाही. मात्र ‘सगळे चालू’ आणि ‘सगळे बंद’ ही दोन बटणे भरवशाची होण्यास जवळजवळ तीन महिने गेले, त्यामुळे या लेखात मुख्यतः त्यांच्याविषयीच लिहीत आहे.

अडचणीचे मूळ असे आहे की हा रिमोट आंधळा आहे. तो इन्फ्रारेड प्रकाशाचे झोत पाठवतो. बहुतेक घरगुती यंत्रांत हे झोत सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा लुकलुकतात आणि त्यांच्या लांब-आखूड ठेवणीतून आज्ञा तयार होते. ती पोहोचली की नाही, यंत्र आधी चालू होते की बंद, हे रिमोटला कळण्याचा कोणताही मार्ग नसतो, कारण यंत्राकडून उलट उत्तर येत नाही. त्यातच जुन्या रिमोटवरील पॉवरचे बटण बहुतेक वेळा ‘स्थिती उलटी कर’ एवढेच सांगत असते. चालू असेल तर बंद, बंद असेल तर चालू. हातात रिमोट धरलेला माणूस डोळ्यांनी पाहून ते दाबतो, म्हणून त्याचे काही बिघडत नाही. मॅक्रो मात्र न पाहता तीन यंत्रांना हीच आज्ञा देतो, आणि एकाने जरी ती चुकवली, तरी त्यानंतर प्रत्येक वेळी दोन यंत्रे चालू आणि तिसरे बंद, किंवा याच्या उलट, असा प्रकार सुरू होतो. पुन्हा बटण दाबून तो सुटत नाही. फक्त चुकीची बाजू बदलते.

आमच्याकडे पहिल्याच आठवड्यात हे घडले. वडील बटण दाबत आणि लगेच रिमोट मांडीवर उलटा ठेवत. साखळीतील पहिली आज्ञा टीव्हीला मिळे आणि उरलेल्या उशीला. ‘‘बटण दाबले की काम झाले ना?’’ हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. चूक माझ्या मांडणीची होती: तिला पुरे होण्यास बारा सेकंद लागत होते आणि त्यांतली एक जरी आज्ञा हुकली तरी सगळा ताल बिघडत होता.

पहिली सुधारणा टीव्हीची केली. अ‍ॅपमधील आज्ञांच्या यादीत मला `POWER TOGGLE` याखेरीज `POWER ON` आणि `POWER OFF` अशा दोन स्वतंत्र आज्ञा सापडल्या. टीव्हीच्या मूळ रिमोटवर अशी बटणे नाहीत, पण टीव्हीला त्या कळतात. तपासण्याची रीत सोपी आहे: बंद असलेला टीव्ही `POWER ON` ने चालू करावा आणि मग तीच आज्ञा पुन्हा पाठवावी, काहीच घडले नाही, तर ती खरोखर ‘चालू हो’ याच अर्थाची आहे. टीव्ही बंद झाला, तर नाव काहीही असो, ती उलटसुलट करणारीच आज्ञा आहे. इनपुटच्या बाबतीतही हेच तत्त्व लागू पडते. एकामागून एक इनपुट फिरवणारे बटण मॅक्रोत निरुपयोगी असते, कारण सुरुवात कोठून होणार हे ठाऊक नसते. थेट `HDMI 2` ही आज्ञा यादीत मिळाली आणि तो प्रश्न मिटला.

साउंडबारने मला सर्वांत जास्त फसवले. काही दिवस तो बरोबर सुरू होई, काही दिवस होत नसे, आणि मी बराच काळ रिमोटच्या कोनाला दोष देत राहिलो. शेवटी एकदा टीव्हीकडे न पाहता केवळ साउंडबारच्या दिव्याकडे पाहत बटण दाबले. दिवा लागला आणि दोन सेकंदांत विझला. साउंडबार टीव्हीच्या एआरसी लिहिलेल्या एचडीएमआय जोडणीत आहे आणि दोघांतही सीईसी चालू होते. ही सोय एचडीएमआय केबलमधूनच एका यंत्राला दुसऱ्याला जागे करू देते. म्हणजे टीव्ही चालू होताच तो साउंडबारला उठवत होता आणि पाठोपाठ माझा मॅक्रो पॉवरची आज्ञा पाठवून त्याला पुन्हा झोपवत होता. टीव्हीकडून साउंडबारला उठवण्यास उशीर झाला की मात्र मॅक्रोची आज्ञा आधी पोहोचे आणि सगळे सुरळीत भासे. उपाय म्हणून मी साउंडबारची पॉवर मॅक्रोतून सरळ काढून टाकली. त्याचे चालू-बंद आता टीव्हीच पाहतो आणि गेल्या पाच महिन्यांत त्यात एकदाही चूक झालेली नाही.

मग सेट-टॉप बॉक्सलाही सीईसीवर का सोपवले नाही, असे कोणी विचारील. मी तसे करून पाहिले होते. आमचा बॉक्स रात्री स्वतःच्या अद्ययावतीकरणासाठी जागा होतो, आणि जागा झाला की केबलमधून ‘मी आलो’ असे टीव्हीला कळवतो. त्यामुळे दोन रात्री बैठकीच्या खोलीत आपोआप टीव्ही सुरू झाला. तिसऱ्या दिवशी बॉक्सच्या सेटिंगमधून त्याचे सीईसी बंद केले. अर्थात प्रत्येक बॉक्स असे वागेलच असे नाही. ज्यांचा वागत नसेल त्यांना पुढची खटपट करावी लागणार नाही.

बॉक्सकडे स्वतंत्र चालू-बंदच्या आज्ञा नव्हत्या. यादी दोनदा चाळली, तीन वेगळी मॉडेल लावून पाहिली, पण उलटसुलट करणारी एकच आज्ञा होती. येथे एक युक्ती उपयोगी पडली. झोपलेला आमचा बॉक्स कोणतेही अंकाचे बटण दाबले तरी जागा होतो, आणि जागा असताना तेच बटण दाबले तर बंद मात्र होत नाही. म्हणजे अंकाची आज्ञा ही त्याच्यासाठी खऱ्या अर्थाने ‘चालू हो’ अशी आज्ञा आहे. ‘सगळे चालू’ या साखळीत मी पॉवरच्या जागी अंक १ घातला. जागे होताना बॉक्स तो अंक गिळून टाकतो आणि शेवटी पाहिलेले चॅनेलच दाखवतो.

बंद करणे याहून थोडे अवघड आहे. टीव्हीवर कोणी पेनड्राइव्हमधील चित्रपट पाहिला असेल, तर बॉक्स मुळात झोपलेलाच असतो आणि पॉवरची आज्ञा त्याला उठवून बसवते. म्हणून आधी त्याला खात्रीने जागे करायचे आणि मगच बंद करायचे, हा द्राविडी प्राणायाम करावा लागतो:

```
TV   POWER OFF
STB  1
WAIT 6 s
STB  POWER TOGGLE
```

टीव्ही पहिल्यांदा बंद होत असल्यामुळे पडद्यावर ही कवायत दिसत नाही. सहा सेकंद हा आमच्या बॉक्सचा झोपेतून उठून आज्ञा ऐकू लागण्याचा काळ आहे. तो मोजण्यासाठी मी तीन सेकंदांपासून सुरुवात केली आणि बॉक्स प्रत्येक वेळी झोपलेला ठेवून एकेक सेकंद वाढवत गेलो. पाच सेकंदांना तो दहापैकी दोनदा जागाच राहिला, सहाला एकदाही नाही.

चालू करण्याच्या साखळीतही असाच एक काळ आहे. आमचा टीव्ही चित्र दाखवू लागल्यावरही काही क्षण इनपुटची आज्ञा कानामागे टाकतो, त्यामुळे `POWER ON` नंतर `HDMI 2` पाठवण्याआधी सात सेकंद थांबावे लागते. बॉक्सचा अंक मी या थांब्याच्या आधीच पाठवतो, म्हणजे दोघे एकाच वेळी जागे होत राहतात आणि एकूण वेळ बारावरून आठ सेकंदांवर येतो. वडिलांना आता एवढेच सांगितले आहे की रिमोटवरील दिवा विझेपर्यंत तो टीव्हीकडे धरून ठेवावा. ते कधीकधी विसरतात, पण आता त्याने ताल बिघडत नाही. तेच बटण दुसऱ्यांदा दाबले की जे चालू आहे ते चालूच राहते आणि राहिलेले चालू होते. माझ्या दृष्टीने सगळ्या खटपटीचे चीज झाले ते या एका गुणामुळे.

आवाजाची तिन्ही बटणे मी सर्व स्थितींत साउंडबारलाच जोडली आहेत. टीव्हीमार्फत सीईसीने आवाज बदलता येतो, पण त्यात आमच्याकडे किंचित विलंब जाणवत असे आणि बटण सोडल्यावरही आवाज एक-दोन पायऱ्या चढत राही. साउंडबारचे मॉडेल यादीत नसल्यामुळे त्याचे संकेत मूळ रिमोटवरून शिकवावे लागले आणि तेथे मी एक चूक केली. शिकवताना बटण दाबून धरले, त्यामुळे रिमोटने मूळ आज्ञेसोबत तिची पुनरावृत्तीही नोंदवली आणि एकदा दाबल्यावर आवाज तीन पायऱ्या उडी मारू लागला. दोन्ही रिमोटची तोंडे चार-पाच सेंटिमीटरवर समोरासमोर ठेवून, उन्हापासून दूर, बटण केवळ टिचकीसारखे दाबून पुन्हा शिकवले, तेव्हा पायरी एकेक झाली. आता बटण दाबून धरल्यास आवाज पूर्वीइतका वेगाने चढत नाही, हे मात्र सोसावे लागते.

आणखी एक गोष्ट रिमोटची नसूनही त्याच्याच माथी मारली जाते. साउंडबार टीव्हीच्या पुढ्यात ठेवला की टीव्हीच्या खालच्या कडेवरील इन्फ्रारेडचा डोळा झाकला जातो. उभे राहून आज्ञा चालते आणि बसून चालत नाही, असे दिसले तर कारण हेच समजावे. आम्ही साउंडबार चार बोटे पुढे सरकवला आणि काम भागले. आज्ञा निघतच नाही अशी शंका आल्यास रिमोटचे तोंड फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबावे. बहुतेक फोनवर जांभळट लुकलुक दिसते. मागच्या कॅमेऱ्यात ती अनेकदा गाळली जाते, म्हणून ती तेथे दिसली नाही तरी घाबरू नये.

जुने रिमोट अजून खणात आहेत. बॉक्सच्या रिमोटवरील आवाजी शोधाचे बटण ब्लूटूथवर चालते आणि इन्फ्रारेडने त्याची नक्कल होऊ शकत नाही, म्हणून तो महिन्यातून दोन-चार वेळा बाहेर येतो. बाकीच्या दोघांच्या बॅटऱ्या मी काढून ठेवल्या आहेत. या रिमोटच्या बॅटऱ्या सातव्या महिन्यात बदलल्या. त्याआधी आठवडाभर दुरून दाबल्यास साखळीतील एखादी आज्ञा गळत होती आणि मी विनाकारण थांब्याचे सेकंद वाढवत बसलो होतो.

मागील महिन्यात वीज जाऊन आली. परत येताच बॉक्स आपोआप पूर्ण चालू झाला, टीव्ही आणि साउंडबार झोपलेलेच राहिले. जुन्या मांडणीत अशा वेळी तिघांचा ताल हमखास फिसकटला असता. वडिलांनी ‘सगळे चालू’ दाबले, टीव्ही आणि पाठोपाठ साउंडबार उठला, आणि जाग्या असलेल्या बॉक्सने १ हा अंक चॅनेलचा क्रमांक समजून ‘असे चॅनेल नाही’ अशी एक ओळ दाखवली. ती चार सेकंदांत निघून गेली.