सरासरी घड्याळाप्रमाणे की जेवणाप्रमाणे?

आईच्या शुगरच्या नोंदींचा स्क्रीनशॉट माझ्याकडे आला. डॉक्टरांकडे जाण्याआधी सरासरी काढायची होती. त्यात वेळ होती, पण उपाशी की जेवणानंतर, ते नव्हतं.

आधी सोपा मार्ग धरला: सकाळी ६ ते ११ हा एक गट. आकडे ११८, १२४, १९६, १२१, १८८, ११५, २०४. सरासरी १५२. आता गंमत बघा, १५२ च्या जवळपासही आईची शुगर त्या सकाळी कधीच नव्हती.

मग आईला फोन लावून प्रत्येक नोंदीपुढे विचारलं, "चहा-पोहे झाले होते का गं?" शीटमध्ये B रकान्यात उत्तर, C मध्ये आकडा टाकला:

```
=AVERAGEIFS(C:C,B:B,"उपाशी")
```

उपाशीपोटीची सरासरी सुमारे १२०, नाश्त्यानंतर दोन तासांची १९६. म्हणजे अडचण रात्रीपेक्षा नाश्त्यात जास्त दिसते. डॉक्टरांना हेच हवं असतं.

मेहनत मात्र दुप्पट, आणि जुन्या नोंदींबद्दल आठवण दगा देते. जिथे खात्री नाही, ती नोंद मी सरळ वगळली. दंडाला सेन्सर लावलेला असेल, तर घड्याळाचे गट चालतात, कारण तो दिवसरात्र ठरावीक अंतराने मोजतो. बोटाला टोचून घेतलेल्या मोजक्या नोंदींना जेवणाचेच गट बरे.

दोन्हींत एक खोट आहे: एखादा ६२ सरासरीत बुडून जातो. म्हणून प्रत्येक गटापुढे सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त आकडाही लिहिला, शिवाय मूळ स्क्रीनशॉट सोबत नेला.