फूटिंगखालची माती, खोदाईखालची माती: ट्रायॲक्सियल कोणती मागवायची?

मागणीपत्रावर नुसतं 'ट्रायॲक्सियल' लिहिलं, की लॅब बहुतेक वेळा एकच चाचणी करते: सेल प्रेशर कायम ठेवायचं आणि वरून दाब वाढवत न्यायचा, म्हणजेच कॉम्प्रेशन. फूटिंगच्या मध्याखालच्या मातीवर साधारण हेच घडतं. खोदाईच्या तळाखाली मात्र वरचं ओझं निघून जातं, आणि कॉम्प्रेशनमधून आलेली ताकद तिथे वापरणं धोक्याचं आहे.

एकच नमुना दोन्ही वाटांनी नेऊन पाहू. 10 मीटर खोलीवरची, थोडी ओव्हरकन्सॉलिडेटेड चिकणमाती घ्या, पाणी जमिनीलगत. उभा एकूण दाब 180 किलोपास्कल, पोअर प्रेशर 100, म्हणजे उभा इफेक्टिव्ह दाब 80. आडवा इफेक्टिव्ह दाब 60 धरू. हिशेब सोपा राहावा म्हणून शिअरमुळे वेगळं पोअर प्रेशर येत नाही असं मानू, आणि मोठ्या व लहान इफेक्टिव्ह दाबांच्या गुणोत्तरावर लक्ष ठेवू. ते जितकं वाढेल तितकी माती फेल्युअरच्या जवळ.

फूटिंगमुळे वरून 30 वाढले. पाणी लगेच निघत नाही, पोअर प्रेशर 10 ने चढतं. उभा इफेक्टिव्ह 100, आडवा 50, गुणोत्तर 2. पुढे पाणी झिरपून गेलं की 110 आणि 60, गुणोत्तर 1.83. म्हणजे सर्वांत वाईट क्षण बांधकाम संपतं तोच, त्यानंतर माती सावरत जाते. म्हणून इथे अनड्रेन्ड कॉम्प्रेशन निवडायची.

आता फूटिंगऐवजी 3 मीटर खोदा. वरून 54 गेले. त्यातले पहिले 20 फक्त उभा आणि आडवा दाब सारखा करण्यात खर्च होतात. उरलेले 34 मातीला उलट बाजूला नेतात: आता आडवा दाब मोठा, उभा लहान. यालाच एक्स्टेन्शन म्हणतात. पोअर प्रेशर 18 ने उतरतं. उभा इफेक्टिव्ह 44, आडवा 78, गुणोत्तर 1.77. आकडा फूटिंगपेक्षा बरा दिसतो, आणि फसगत इथेच होते. खालच्या वाळूच्या थरात जुनाच पाणीदाब टिकून असेल, तर पोअर प्रेशर हळूहळू परत 100 कडे जातं. माती फुगते, उभा 26 आणि आडवा 60 उरतो, गुणोत्तर 2.31. फूटिंगखाली काळ मातीच्या बाजूने होता, इथे तो विरोधात आहे. खोदाई काही महिने उघडी राहणार असेल तर अनड्रेन्ड एक्स्टेन्शनसोबत ड्रेन्ड एक्स्टेन्शनही मागवा. पंपिंग करून खालच्या थरातला पाणीदाब खरंच उतरवला असेल, तर हे चित्र बदलतं.

शिवाय कमी प्लॅस्टिसिटीच्या मऊ मातीत एक्स्टेन्शनची अनड्रेन्ड ताकद कॉम्प्रेशनच्या निम्म्यापर्यंतही येऊ शकते.

भिंतीमागच्या मातीबद्दल नेहमी गोंधळ होतो. तिथे उभा दाब तसाच राहतो आणि आडवा कमी होतो, म्हणून लोक सेल प्रेशर उतरवण्याची खास चाचणी मागवतात. संपृक्त मातीत अनड्रेन्ड ताकदच हवी असेल तर तो खर्च वाया जातो. दाब वरून वाढवा किंवा बाजूने कमी करा, दोन्ही कॉम्प्रेशनच, आणि इफेक्टिव्ह स्ट्रेस पाथ तोच येतो. फरक फक्त पोअर प्रेशरमध्ये पडतो. ड्रेन्ड चाचणीत मात्र दोन्ही वाटा खरोखर वेगळ्या पडतात.

एक्स्टेन्शन मागवण्याआधी लॅबला विचारा: टॉप कॅप रॅमला जोडता येते का? कॅप नुसती टेकलेली असेल तर रॅम वर जाताच ती सुटते, आणि सेलमधलं पाणी नमुन्याला सगळीकडून सारखंच दाबत राहतं. आलेखावर हे ओळखता येतं: डिव्हिएटर स्ट्रेस शून्यापर्यंत उतरतो आणि तिथेच आडवा चालतो, विस्थापन मात्र वाढत जातं. असा अहवाल परत पाठवा. नीट झालेल्या चाचणीत शून्य ओलांडून वक्र खाली जातो आणि शेवटी बऱ्याचदा नमुन्याची कंबर बारीक होते. ती दिसू लागली की क्षेत्रफळाची नेहमीची दुरुस्ती पुरत नाही, त्यापुढच्या आकड्यांवर विसंबू नका.

दोन्ही प्रकारांत सुरुवात 80 आणि 60 पासूनच व्हायला हवी, त्यामुळे कन्सॉलिडेशन सगळीकडून सारख्या दाबाने नको. प्रत्यक्ष जागेवर खोदाईखाली आडवा एकूण दाबही थोडा उतरतो आणि आपण तो स्थिर धरला, म्हणून विकृतीचा अंदाज हवा असेल तर फायनाइट एलिमेंटमधून त्या बिंदूचा स्ट्रेस पाथ काढून लॅबला द्या. तीनच नमुने परवडत असतील तर खोदाईसाठी मी दोन एक्स्टेन्शनला देईन, एक कॉम्प्रेशनला.