शेवटचा हप्ता कधी? महिने मोजून की बाकीवरून

मालवणच्या एका होडीमालकाचं कर्ज घेऊ: 3 लाख, 12 टक्के व्याज, 36 महिने, हप्ता 9,964 रुपये. पहिला हप्ता 5 ऑगस्ट 2024, दहावा 5 मे 2025.

महिने मोजण्याची रीत सोपी: 36 मधून 10 वजा, उरले 26. शेवटची तारीख काढताना पहिल्या हप्त्यात 36 नव्हे, 35 महिने मिळवायचे, कारण पहिला हप्ता मोजणीत आलेलाच असतो. इथेच बहुतेकांचा एक महिना चुकतो. उत्तर: 5 जुलै 2027.

पण दहाव्या हप्त्यासोबत 50,000 जादा भरले, तर ही रीत निकामी. तेव्हा बँकेच्या उताऱ्यावरची मुद्दल बाकी घ्या. इथे ती सुमारे 1,77,140 होते. मग एक्सेलमध्ये ही दोन सूत्रं घाला:

```
=NPER(12%/12,-9964,177140)
=EDATE(DATE(2025,5,5),20)
```

पहिलं सूत्र 19.67 देतं. म्हणजे 20 हप्ते, त्यातला शेवटचा लहान. दुसऱ्यातून 5 जानेवारी 2027 मिळते. हप्त्यापुढचं वजाचिन्ह विसरलात तर उत्तरच उणे येतं.

जून-जुलैच्या मासेमारी बंदीत दोन हप्ते चुकले, तर व्याज चढून बाकी 1,80,700 होते आणि ऑगस्टपासून 21 हप्ते लागतात; शेवट एप्रिल 2027. दंड वेगळा.

म्हणून एकही हप्ता मागेपुढे झाला असेल तर बाकीवरूनच काढा. मात्र जादा रक्कम भरताना बँकेने मुदत कमी केली की हप्ता, हे आधी विचारा. हप्ता कमी केला असेल, तर तारीख जुलै 2027 चीच राहते.