म्हाताऱ्या माणसांच्या घरात इंडियन की कमोड : आमचा निर्णय नळानं केला

मंगळवार पेठेतलं आमचं घर जुनं. खाली आई-आबा राहतात, वर आम्ही. दोन्हीकडं इंडियन भांडी होती, आणि खालचं काढून कमोड बसवायचा का, यावर आमच्याकडं दोन वर्षं नुसती चर्चा चालली. आबांचा विरोध, आई गप्प, आणि मी एकदा इकडं, एकदा तिकडं. ज्यांच्या घरात आज अशीच चर्चा चालू आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

खालच्या संडासातला नळ एका वर्षात तीनदा गळायला लागला. पहिल्या दोन वेळा प्लंबरनं टेप गुंडाळून तो पुन्हा बसवून दिला. तिसऱ्या वेळी भिंतीतला एल्बोच तडकला होता, त्यामुळं टाइल फोडावी लागली. फोडता फोडता त्यानं विचारलं, "ह्या नळाला धरून कोण उठतंय काय?" आई दारातच उभी होती, काही बोलली नाही. संध्याकाळी तिनं सांगितलं की वर्षभर ती तसंच उठत होती. डावा हात गुडघ्यावर, उजवा नळावर. दुसरं धरायला तिथं होतंच काय?

माझ्यापुरता निर्णय त्या संध्याकाळी झाला. उकिडवं बसणं आईला अजून जमत होतं, अडचण उठण्याची होती. खाली जाताना अंगाचं वजनच आपल्याला नेतं, वर येताना मात्र पूर्ण वाकलेल्या गुडघ्यांवर सगळा भार उचलावा लागतो. त्यात भांड्याच्या दोन्ही बाजूंची फरशी कायम ओली. बराच वेळ बसून पाय बधिर झालेले असतात आणि एकदम उठलं की रक्तदाब खाली येऊन डोळ्यांपुढं अंधारी येते. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्यांना तर हे जास्तच जाणवतं. म्हणून आपली माणसं संडासात कशाला धरून उठतात ते एकदा बघा. नळ ढिला होतोय, दाराची कडी वाकलीय, भिंतीवर एकाच जागी हाताचे डाग पडलेत, यांतलं काही दिसलं तर बदलायची वेळ आली असं मी तरी समजेन.

आता आबांची बाजू, कारण तीही खरी आहे. त्यांचं म्हणणं, कमोडवर पोट साफ होत नाही. हा नुसता सवयीचा हट्ट नव्हे. उकिडवं बसलं की गुदद्वाराजवळचा स्नायू सैल पडतो, आतड्याच्या शेवटच्या टोकाला असलेला बाक सरळ होतो आणि जोर कमी करावा लागतो. खुर्चीसारखं बसल्यावर तो बाक तितका सुटत नाही. त्यावर उपाय म्हणजे पायांखाली सात-आठ इंचांचं स्टूल. गुडघे कमरेच्या वर येतात, माणूस किंचित पुढं झुकतो आणि बऱ्यापैकी काम होतं. आबांना हे पटायला महिना लागला, आणि अजूनही ते 'इंडियनसारखं नाहीच' म्हणतात. मात्र स्टुलाला खाली रबर हवं, आणि उठण्याआधी ते पायानं बाजूला सारायची सवय हवी, नाहीतर त्यालाच अडखळून पडायची भीती. गुडघा किंवा खुबा बदललेला असेल तर स्टूल वापरण्याआधी डॉक्टरांना विचारा. खुब्याच्या ऑपरेशननंतर मांडी जास्त वर घेऊ देत नाहीत.

कमोड घेताना आम्ही एक चूक केली, ती उंचीची. आई ज्या खुर्चीवरून हात न टेकता उठते, ती अठरा इंचांची. दुकानातून आणलेला कमोड सीटसकट सोळा इंच भरला. दोन इंच कमी म्हणजे किती, हे चांगला गुडघा असलेल्याला कळत नाही. गवंड्यानं खाली ओटा करून उंची वाढवली, पण ओटा पुढंही वाढवला. त्यामुळं पायही दोन इंच वर आले आणि फायदा काहीच झाला नाही. शेवटी पुढचा भाग तासून घेतला. ओटा फक्त भांड्याच्या बुडाएवढा हवा. त्याबरोबर मैल्याचा पाइपही तेवढाच वर घ्यावा लागतो, म्हणून उंची भांडं बसवायच्या आधीच ठरवा. घरातल्या खुर्च्या मोजल्या की उत्तर मिळतं.

धरायच्या दांड्याबद्दल थोडक्यात. तो नुसत्या टाइलवर बसवू नका, स्क्रू आत विटेपर्यंत गेले पाहिजेत. बसवल्यावर मी स्वतः त्याला लोंबकळून बघितलं. आई बसल्यावर तिचं कोपर जिथं येतं, त्याच्या जरा वर आणि थोडा पुढं तो घेतला, कारण उठताना माणूस पुढं झुकतो. हाच दांडा इंडियनशेजारी बसवला असता तर भागलं नसतं का, असं कोणी विचारेल. काही दिवस भागलं असतं, आणि ज्यांचे गुडघे ठीक आहेत त्यांनी आधी तेच करून बघायला हरकत नाही. आईच्या बाबतीत हात ओढत होते तरी गुडघे तितकेच दुखत होते.

कमोडचा त्रास नाही असं नाही. आईचा खांदा मागं वळत नाही, म्हणून जेट उजव्या हाताला, बसल्या जागी मिळेल असा घ्यावा लागला, आणि तांब्याची सवय सुटेना म्हणून शेजारी बादली उंच पाटावर ठेवली. सीट ओली राहते, म्हणून पुसायला एक फडकं कायम टांगलेलं असतं. बोअरच्या पाण्याच्या क्षारानं टाकीतला फ्लोट अडकतो आणि पाणी गुपचूप वाहत राहतं. सीटचे बोल्ट ढिले पडतात, बसताना सीट बाजूला सरकली तर म्हातारं माणूस दचकतं. ते मी महिन्याला हातानं आवळतो. इंडियनला यातलं काहीच लागत नाही, हे कबूल करायला हवं.

मधले मार्गही बघितले. इंडियनवर ठेवायची भोक असलेली खुर्ची आम्ही महिनाभर वापरली. ऑपरेशननंतरच्या थोड्या दिवसांना ती चालेल, पण शिंतोडे उडतात आणि ओल्या फरशीवर तिचे पाय सरकतात. अँग्लो-इंडियन, म्हणजे वर पाय ठेवूनही बसता येतं ते भांडं, म्हाताऱ्यांसाठी मला अजिबात पटलं नाही. तेवढ्या उंचीवर उकिडवं बसलेलं माणूस घसरलं तर धरणार कोण?

वरचं इंडियन आम्ही तसंच ठेवलंय. घरात एकच संडास असता आणि दोघांचेही गुडघे धड असते, तर मीही कदाचित घाई केली नसती. आबा सकाळी अजून जिना चढून वर येतात. रात्री मात्र खालचाच वापरतात, आणि दांड्याला धरूनच उठतात.